बाळंतिणीला फ्लू झाला तर बाळाला अंगावर पाजावं का?

डिचोलीकडचं एक घर डोळ्यांपुढे आणा. चवथीची संध्याकाळ आहे. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ दहा दिवसांचं. वास्कोहून मामाचं कुटुंब आलंय. त्यांचा सात वर्षांचा मुलगा आरतीत टाळ वाजवताना खोकतोय आणि मधूनच आतल्या खोलीत जाऊन बाळाचा गाल कुरवाळून येतोय. घर भरलेलं असल्यामुळे कुणाचं लक्ष नाही.

दोन दिवसांनी बारसं ठरलंय. त्या दिवशी पहाटेच लेकीचं अंग ठणकायला लागतं, घसा धरतो, काटा येतो. ताप मोजला तर १०१.५. थोड्या वेळानं शिंका सुरू होतात. आजी बाळ उचलते आणि दुसऱ्या खोलीत नेते. "आता पाजू नको गो, तुझा ताप दुधातून उतरेल त्याच्यात." कुणीतरी भावाला फार्मसीत पिटाळतं, पावडरच्या दुधाचा डबा आणायला.

आजीचा हेतू चांगला आहे आणि तिची भीतीही खोटी नाही. नवजात बाळाला फ्लू होणं ही खरोखर गंभीर गोष्ट आहे. फक्त तिनं दार चुकीचं बंद केलं. फ्लूचा विषाणू दुधाच्या वाटेनं बाळाकडे जात नाही. तो जातो आईच्या श्वासातून, शिंकेतल्या तुषारांतून आणि हातांवरून. दूध थांबवलं तर बंद होते ती एकच वाट, जिच्यावरून विषाणू मुळात येतच नव्हता.

साध्या सर्दीचंही हेच. सर्दी आणि फ्लू या दोन्हींचे विषाणू नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या अस्तरात वाढतात. ते रक्तातून फिरून स्तनापर्यंत पोचतात आणि दुधात उतरतात, असं नाही. आई तापली म्हणून दूधही "तापत" नाही, नासत नाही, बाधत नाही. दूध नेहमी आईच्या अंगाइतकंच कोमट असतं. अंग दीड अंशानं गरम झालं तर दूधही तेवढंच, आणि त्याचा बाळाला काहीही त्रास होत नाही.

आता जरा दिवसांचा हिशोब मांडू, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन दिवस जातात. कधी एक, कधी चार. आणि माणूस दुसऱ्याला लागण देऊ लागतो तो लक्षणं दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून. म्हणजे आपल्या घरातल्या लेकीला पहाटे ताप भरला, पण आदल्या दिवशी ती ठणठणीत दिसत असतानाच तिच्या श्वासातून विषाणू बाहेर पडू लागला असणार. त्या दिवशी तिनं बाळाला दहा वेळा पाजलं, ढेकर काढली, पापे घेतले. शिवाय वास्कोच्या मुलानं बाळाला थेट हात लावला होता, ते वेगळंच. तेव्हा ताप दिसल्यावर "आतापासून बाळ दूर ठेवू" म्हटलं, तरी बाळाची विषाणूशी भेट झालेली असण्याची शक्यता आहेच.

मग उरतं काय? भेट झालीच असेल तर बाळाकडे लढायला काहीतरी हवं. ते दुधात आहे. आईच्या श्वासनलिकेत विषाणू शिरला की तिथल्या संरक्षक पेशी त्याची ओळख पटवून घेतात. त्यातल्या काही पेशी रक्तातून स्तनात जाऊन बसतात आणि त्याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. ही प्रतिपिंडं दुधातून बाळाच्या तोंडात, घशात आणि आतड्यात जातात आणि तिथल्या ओल्या अस्तरावर थर धरतात. विषाणूला चिकटायला जागा मिळू नये, हे त्यांचं काम. बाळाचं शरीर स्वतः ही प्रतिपिंडं पुरेशी करू शकत नाही, त्याला अजून महिने लागतील. आईला हा विषाणू किंवा त्याचा भाऊबंद पूर्वी कधी भेटला असेल तर ही फौज लवकर उभी राहते, अगदी नवा असेल तर काही दिवस लागतात.

इथे एक मर्यादा सांगायला हवी, कारण "आईचं दूध म्हणजे कवच" असं लोक फार ठासून बोलतात. ते कवच नाही. अंगावर पिणाऱ्या बाळालाही फ्लू होऊ शकतो आणि होतो. दुधानं लागण होण्याची आणि झालीच तर ती गंभीर होण्याची शक्यता कमी होते, एवढंच. म्हणून दूध चालू ठेवायचं आणि बाकीच्या वाटा बंद करायच्या. दोन्ही बरोबर.

पण त्याआधी एक प्रश्न. हा फ्लूच आहे कशावरून?

आपल्याकडे पावसात ताप आला की "वायरल आहे" म्हणून सोडून देतात. बाळंतिणीच्या बाबतीत ते चालत नाही. नाक वाहतंय, शिंका आहेत, घसा दुखतोय, घरात दुसरं कुणी खोकतंय, तर सर्दी-फ्लू असण्याची शक्यता मोठी. पण नाक कोरडं, खोकला नाही आणि नुसती हुडहुडी भरून ताप, अंग मोडून आलेलं, असं असेल तर आधी स्तन तपासायचे. एखाद्या ठिकाणी कडक, दुखरा, लालसर पट्टा लागला तर तो फ्लू नव्हे, स्तनाला आलेली सूज आहे. ती सुरुवातीला अगदी फ्लूसारखीच वाटते, आणि तिच्यातही पाजणं थांबवलं तर दुखणं वाढतंच. खालून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ, सिझेरियनच्या टाक्यांतून पाणी, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

दुसरी शंका गोव्याच्या पावसाळ्याची. डेंग्यू. डोळ्यांच्या मागे दुखणं, हाडं मोडल्यासारखी वाटणं, अंगावर पुरळ, आणि सर्दीचं नाव नाही, असा ताप असेल तर रक्त तपासून घ्यावं. हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यायचं. आयबुप्रोफेन एरवी अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं, पण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवतं.

आपल्या घरातल्या लेकीला शिंका आहेत, घसा आहे, खोकला सुरू झालाय आणि वास्कोच्या मुलाला काल ताप होता असा फोनही आलाय. तेव्हा फ्लू धरून चालू. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर तपासून तेच म्हणतात आणि एक महत्त्वाची गोष्ट करतात, पण तिच्याकडे औषधांच्या वेळी येऊ. आधी घरात काय बदलतं ते पाहू.

आजी बाळ परत आणून देते, पण मांडणी बदललेली असते. एका पाजण्याच्या वेळेला काय काय घडतं ते सावकाश बघा, कारण सगळं राखण त्या वीस मिनिटांतच आहे. बाळ रडायला लागतं. आई उठते, साबणानं हात धुते. बोटांच्या मधे, नखांच्या कडेला, अंगठ्याला, पुरती अर्धा मिनिट. मग ताजा मास्क लावते, नाकावरून हनुवटीखालपर्यंत. साधा तीन थरांचा सर्जिकल मास्क पुरतो. त्यानंतर नाकाला हात लावायचा नाही, आणि मोबाइलला तर मुळीच नाही. ही मोबाइलची गोष्ट कुणी सांगत नाही. दिवसभर आपण त्याच्यावर खोकतो, शिंकतो, ताप असताना तोंडाजवळ धरून बोलतो आणि मग हात स्वच्छ धुऊन, पाजता पाजता, त्याच हातानं मेसेज वाचतो. गुळगुळीत काचेवर फ्लूचा विषाणू दिवस-दोन दिवस तग धरू शकतो. पाजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत.

मग बाळ घ्यायचं. स्तन दरवेळी साबणानं धुवायची गरज नाही, उगाच चिरा पडतात. उघड्या छातीवर नुकतीच शिंक पडली असेल तरच धुवावं. पाजताना खोकला आलाच तर तोंड बाजूला वळवून कोपरात खोकायचं. पापा घेणं आठवडाभर बंद. हे आईला सगळ्यात जड जातं, पण बाळाच्या कपाळाला मास्कवरून गाल टेकवला तर चालतो. बाळाला मास्क घालायचा नाही, त्याचा श्वास कोंडेल.

आणि पदर. आमच्याकडच्या बायका गाऊन घालतात आणि खांद्यावर एक टॉवेल किंवा ओढणी असते. त्याच टॉवेलनं नाक पुसलं जातं, त्याच टॉवेलनं बाळाच्या ओठांवरचं दूध टिपलं जातं. माझ्या मते, घरात मास्क कुणी नीट लावतंय की नाही याच्यापेक्षा या टॉवेलकडे आधी बघावं. आईचं नाक पुसायला कागदी रुमाल, तो लगेच झाकणाच्या डब्यात, आणि बाळासाठी वेगळे मऊ सुती तुकडे, वेगळ्या जागी ठेवलेले.

पाजणं झालं की बाळ आजीकडे. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंग पुसणं, झोपवणं हे सगळं जी निरोगी बाई बाळंतिणीचं करतेय तिनं करावं. बाळाचा पाळणा त्याच खोलीत असला तरी चालेल, पण आईच्या उशीपासून दोन-अडीच हात तरी लांब, आणि खिडकी उघडी. पाऊस आत येतो म्हणून आपण सगळी दारं-खिडक्या लावून बसतो आणि कोंडलेल्या खोलीत तुषार तरंगत राहतात. अंगाला झोत लागणार नाही असा पंखा आणि किलकिली खिडकी बरी.

याच्याच उलट एक प्रथा आहे ती या दिवसांत बंद ठेवावी. शेगडी आणि धुरी. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग, कधी कापूर टाकून धूर करतात आणि सर्दी झाली की जरा जास्तच करतात. बाळाच्या श्वासनलिका शहाळ्याच्या नळीपेक्षाही बारीक असतात, धुरानं त्यांचं अस्तर सुजतं. कापूर तर बाळाजवळ कुठल्याच रूपात नको, छातीला चोळायच्या मलमातला सुद्धा. आईला वाफ घ्यायची असेल तर अवश्य घ्यावी, पण स्वयंपाकघरात, बाळ मांडीवर नसताना. गरम पाण्याचं भांडं कलंडून भाजलेली लहान मुलं हॉस्पिटलात येतात ती अशाच वेळी.

किती दिवस हे सगळं? ताप औषधाशिवाय पूर्ण एक दिवस उतरलेला असला तरी, लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवस मास्क चालू ठेवावा. खोकला त्यानंतरही रेंगाळतो, त्यानं घाबरायचं कारण नाही.

आता औषधं. इथे गडबड होते ती डॉक्टरकडे कमी आणि फार्मसीच्या काउंटरवर जास्त. "सर्दीची गोळी द्या" म्हटलं की मिळते ती बहुधा तीन-चार औषधांची एकत्र गोळी असते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल असतं, ते ठीक. क्लोरफेनिरामिन असतं, म्हणजे झोप आणणारं जुनं ॲलर्जीचं औषध. त्यानं आई पेंगते, कधी बाळही सुस्तावतं आणि नीट ओढत नाही. पेंगणाऱ्या आईनं आडवं पडून पाजताना बाळ कुशीत घेऊन झोपणं हा फ्लूपेक्षा मोठा धोका आहे. आणि असतं फिनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, नाक मोकळं करणारं.

या शेवटच्या औषधांबद्दल थोडं थांबू. स्यूडोएफेड्रिन दूध कमी करतं, हे मोजलेलं आहे. २००३ साली आठ आयांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर चोवीस तासांत दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. अभ्यास लहान आहे, पण बाळ दोन आठवड्यांचंही नसताना, दूध अजून पुरतं बसलेलं नसताना, ही जोखीम कशाला घ्यायची? फिनिलेफ्रिन त्याच जातीचं. ते दूध किती कमी करतं हा प्रश्न बाजूलाच ठेवा, गोळीतून घेतलं तर ते नाकही मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं. दोन्हीकडून तोटाच.

मग लेकीनं घ्यायचं काय? तापाला साधं पॅरासिटामॉल, ६५० मिलिग्रॅमची गोळी, सहा तासांच्या अंतरानं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसात चारपेक्षा जास्त नाही, आणि पॅरासिटामॉल असलेली दुसरी कुठलीही "सर्दीची गोळी" बरोबर नाही. ही दुहेरी मात्रा नकळत पडते आणि ती यकृताला महागात जाते. गोळी पाजून झाल्यावर लगेच घ्यावी असं म्हणतात, पण पॅरासिटामॉलच्या बाबतीत ते काटेकोर पाळायची गरज नाही, दुधात फार थोडं उतरतं. नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब. फारच चोंदलं तर झायलोमेटाझोलिनचे थेंब, तेही तीन दिवसांपुरतेच, नाहीतर थेंब सोडल्यावर नाक आणखी चोंदतं. ॲस्पिरिन नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अजिबात नको, ते दुधातून बाळाचा श्वास मंदावू शकतं. अँटिबायोटिकचा फ्लूवर काहीही उपयोग नाही. घसा शेकायला सुंठ-आल्याचा चहा, कुळथाची पिठी, पेज, हे सगळं खुशाल. घामानं पाणी जातं म्हणून दर पाजण्याला एक मोठा पेला काहीतरी पातळ पोटात गेलं पाहिजे. दही, केळं, सोलकढीनं सर्दी दुधात उतरते हा समज सोडून द्या. खावंसं वाटत असेल ते खाऊ दे तिला.

डॉक्टरांनी केलेली ती महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओसेल्टामिविर लिहून दिलं. ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस. हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध आहे आणि प्रत्येक फ्लूला लागत नाही. पण प्रसूतीनंतरचे पहिले दोन आठवडे बाई जोखमीच्या गटात धरली जाते, गरोदरपणातल्यासारखीच. म्हणून तिला ते लवकर, जमेल तर ४८ तासांच्या आत, सुरू करतात. इथे दिवस महत्त्वाचा असतो. "दोन दिवस बघू, मग जाऊ" असं म्हटलं की ती वेळ निघून जाते. दुधात हे औषध इतकं थोडं उतरतं की फ्लू झालेल्या बाळाला थेट देतात त्या मात्रेच्या तुलनेत ते नगण्य ठरतं. पाजणं चालू ठेवून घेता येतं.

तिसऱ्या दिवशी लेक रडायला लागते. "आई, दूध आटलं माझं. स्तन रिकामे लागतात." हे बहुतेक घरांत होतं आणि बहुतेक वेळा पावडरच्या डब्याचं सील इथेच फुटतं. खरं तर कारण साधं असतं. ताप, कमी पाणी, न जेवणं, आणि त्यातून दोन-तीन वेळचं पाजणं चुकलेलं. दूध किती करायचं हे स्तन ठरवतात ते किती रिकामे झाले त्यावरून. रोज आठ ते बारा वेळा रिकामे होत होते, ते पाच-सहा वेळाच झाले, तर शरीर समजतं की गरज कमी झाली. त्यावर पावडरचं दूध दिलं की बाळ आणखी कमी ओढतं, आणि घसरण चालू राहते. न रिकामं झालेलं दूध साठून गाठी होतात, मग ज्या स्तनाच्या सुजेबद्दल वर सांगितलं ती फ्लूच्या जोडीला येते.

दूध खरंच कमी पडतंय का, हे स्तन चाचपून कळत नाही. ते कळतं लंगोटांवरून. पाच दिवसांच्या पुढच्या बाळानं चोवीस तासांत सहा तरी लंगोट चांगले ओले केले, लघवी फिकट असली, तर दूध पोचतंय. लेकीच्या आईनं पाळण्याच्या दांडीला कॅलेंडरचा कागद लावून काड्या मारल्या आणि संध्याकाळी मोजल्या तर सात. मग दूध वाढवायचा उपाय एकच, जास्त वेळा पाजणं. दोन दिवस दर दोन तासांनी, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या दिवसापासून स्तन पुन्हा जड लागायला लागतात.

आई इतकी गळून गेली असेल की बसवत नाही, तर दूध काढून द्यायचं. हातानं काढा किंवा पंपानं, आधी हात धुऊन, मास्क लावून, उकळलेल्या वाटीत. पाजायला वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातलं बोंडलं उत्तम, बाटलीपेक्षा धुवायला सोपं. निरोगी माणसानं पाजावं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडे एसीशिवाय खोली तेवढी थंड क्वचितच असते, म्हणून लगेच लागणार नसेल तर फ्रिजमध्ये आत, दारात नव्हे. दुधात विषाणू नाही, पण भांड्याला लागलेल्या हातावर असू शकतो, म्हणून एवढी धुवाधुवी.

आता बाळ. चौथ्या दिवशी त्याचं नाक सूं-सूं करू लागतं. इथे घाई नको आणि ढिलाईही नको. नवजात बाळं सर्दी नसतानाही शिंकतात, नाक बारीक असल्यानं आवाज करतात. पण बाळ बहुतेक वेळ नाकानंच श्वास घेतं आणि तोंड स्तनाला लागलेलं असताना तर दुसरा मार्गच नसतो. नाक खरंच चोंदलं असेल तर ते दोन घोट ओढतं, सोडतं, रडतं, पुन्हा लागतं. अशा वेळी पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, एक-दोन. पाजणं थोडं थोडं, जास्त वेळा. नाकात खोबरेल किंवा मोहरीचं तेल घालायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. मधाचं बोट चाटवायचं नाही, घुटीतूनही नाही. पाणीही द्यायचं नाही. आणि तापाचे थेंब घरच्या घरी तर नाहीच.

तापमान मोजायला डिजिटल थर्मामीटर काखेत. ३७.५ अंश, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आलं तर आधी बघा बाळाला टोपी, मोजे, दोन गोधड्या घातल्यात का. सैल करा, पाजा, पाव तासानं पुन्हा मोजा. तरी तेवढंच, तर डॉक्टर. १००.४ असेल तर गोधडी-बिधडी न बघता निघायचं, रात्र असली तरी. उलटंही तितकंच वाईट आहे. लहान बाळाला संसर्गात कधी ताप येत नाही, अंग थंडगार पडतं. काखेत ३५.५ म्हणजे ९५.९ च्या खाली गेलं तर तेही तितकंच तातडीचं.

श्वास मोजायला बाळ शांत असताना पोट उघडं करून घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजा, कारण नवजात बाळ चारदा भराभर घेतं आणि मग थांबतं, अर्ध्या मिनिटाची दुप्पट चुकते. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतोय, श्वास मधेच थांबतोय, ओठ निळसर दिसताहेत, बाळ सलग दोन वेळा ओढत नाही, हलवलं तरच हलतं, ओले लंगोट निम्म्यावर आलेत, तर १०८ ला फोन करा. डिचोलीहून म्हापशाचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि बाळाला श्वासाचा त्रास असेल तर बहुतेक वेळा शेवटी बांबोळीलाच, गोमेकॉत नेतात. ॲम्ब्युलन्समध्येही आई बरोबर असेल तर जमेल तसं पाजता येतं, पण धाप लागलेल्या बाळाला बळेच पाजू नका, श्वासात जाईल.

आईसाठीही एक वेगळी खूण. ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा भरला, छातीत दुखायला लागलं, बोलताना धाप लागली, तर न्यूमोनियाची शंका धरून तिला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं.

लसीचं इतकंच. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देता येत नाही. पण गरोदरपणात आईनं घेतलेली असेल तर तिची प्रतिपिंडं नाळेतून आधीच बाळाकडे गेलेली असतात आणि पहिले काही महिने टिकतात. घ्यायची राहिली असेल तर अंगावर पाजतानाही घेता येते, आणि आजी-आजोबांनीही घ्यावी. गोव्यात फ्लू पावसात आणि पुन्हा थंडीत डोकं वर काढतो, तेव्हा चवथीच्या दिवशी नव्हे, पावसाआधी घ्यावी. अंगात प्रतिपिंडं यायला दोन आठवडे लागतात.

आपल्या घरात बारसं दहा दिवस पुढे गेलं. वास्कोच्या मुलाला या खेपेला दारातच मोरीकडे वळवलं आणि बाळाचे फक्त पाय बघू दिले. नाव ठेवताना कानात कुर्र केल्याबरोबर बाळ जोरात शिंकलं. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. आजीनं काखेत थर्मामीटर लावला, एक मिनिट वाट बघितली आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. ३६.८.